पानाखाली उरलेली चार बोटं जागा

आमच्या शाळेच्या वार्षिकांकात माझं पहिलं लिखाण छापून आलं, तेव्हा मी नववीत होते. दीड पानाचं पुस्तक परीक्षण. त्यातलं दीड पान माझं होतं आणि शेवटच्या चार ओळी माझ्या नव्हत्या. आज मी स्वतः अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवते, पण त्या चार ओळी आठवल्या की अजूनही डोकं तापतं. एवढ्याशा गोष्टीचा इतका राग कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

आमची शाळा वलगावची. घरी दीड एकर वाडी होती. त्यात मेथी, पालक, वांगी आणि बांधाच्या कडेनं झेंडू. बाबा पहाटेच माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचे. घरात छापील वस्तू म्हणजे एक कॅलेंडर आणि बियाण्यांची पाकिटं. शाळेत मात्र पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली मराठीच्या सरांच्या खिशात असायची. शनिवारी शेवटचा तास वाचनाचा. सर कपाट उघडायचे, आम्ही पुस्तकं घ्यायचो. खरं सांगायचं तर घेणारे चार-पाचच. बाकीची मुलं त्या तासाला वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळायची.

त्या वर्षी हेडसर म्हणाले, "पोरं पुस्तकं घेत नसतील तर हा तास गणिताला देऊन टाकू." आमच्या सरांना ते लागलं. त्यांनी मुदत मागितली. वार्षिकांकात एका पुस्तकाचं परीक्षण छापू, ते वाचून मुलांनी स्वतःहून पुस्तक मागितलं तर तास राहू द्या, असं त्यांचं नि हेडसरांचं ठरलं. लिहायला सरांनी मला निवडलं. म्हणजे शनिवारचा तास राहतो की जातो, ते माझ्या दीड पानावर ठरणार होतं. निदान मला तसं सांगितलं गेलं होतं.

मी निवडलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं. पहिली काही पानंही गेलेली होती, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही. आम्ही त्याला घंटेचं पुस्तक म्हणायचो. एका गावातल्या शाळेची पितळी घंटा एका सकाळी जागेवरून नाहीशी झालेली असते. घंटा उंच टांगलेली, शिडी खोलीत कुलूपबंद आणि रात्री कुणालाच आवाज आलेला नाही. शाळेतली तीन मुलं तिचा शोध घ्यायला लागतात. शाळेत म्हातारे शिपाईकाका असतात आणि गावात ज्याच्या-त्याच्यावर संशय घेणारे लोकही असतात. मी ते पुस्तक दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवट माहीत होता, तरी मजा आली.

परीक्षण कसं लिहायचं हे आम्हाला शिकवलेलंच होतं. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं किती, मग कथेचा सारांश आणि खाली 'तात्पर्य'. नववी-दहावीच्या मुलांना प्रकल्प म्हणून पुस्तकाचं परीक्षण द्यावं लागायचं. मुलं जुने वार्षिकांक शोधून त्यातला सारांश उतरवून काढायची. पुस्तक उघडायची गरजच पडायची नाही. मीही पहिला खर्डा तसाच लिहिला, घंटा कशी गेली ते कशी सापडली इथपर्यंत सगळं.

सरांनी त्याचं पहिलं पान वाचलं, पुढे शेवटापर्यंत सारांशच आहे हे पाहून बाकीचा न वाचताच मिटून ठेवला. म्हणाले, "छान आहे. आता मला सांग, हे वाचून पोरं पुस्तक कशासाठी उघडतील?"

"माहिती मिळेल सर त्यांना."

"माहिती मिळाली की भूक गेली. शेवट नको सांगू. गोष्ट जिथून वळते त्याच्या अलीकडेच थांब. शेवट धक्कादायक आहे असंसुद्धा लिहू नको. तेवढं कळलं तरी वाचणारा त्या धक्क्याची वाट पाहत बसतो, मधलं काही वाचत नाही."

हे शब्द त्यांचे आहेत. मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या हातून झालं.

मग मी तीन आठवडे त्या दीड पानाशी झटले. कुठे थांबायचं हे कागदावर कळेना, म्हणून मधल्या सुट्टीत डबे खाताना मैत्रिणींना गोष्ट तोंडी सांगायला लागले. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण खो-खोच्या संघात होती. पाठ्यपुस्तकाशिवाय तिनं काही वाचलेलं नव्हतं, आणि पाठ्यपुस्तकही तिच्या म्हणण्याप्रमाणे नाइलाजानं. ती ऐकतानाही जेवतच राहायची. मी गावाचं वर्णन केलं, तिचं जेवण चालूच. मुलांची ओळख करून दिली, जेवण चालूच. पण घंटा नसल्यामुळे मधली सुट्टी कधी संपली हे कुणालाच कळत नाही आणि मास्तर रिकाम्या वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवत बसतात, हे सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

"अव्वो! मंग?"

"मग शिडीच्या खोलीचं कुलूप पाहतात. कुलूप तुटलेलं नसतं."

"मंग घंटा कशी नेली वं?"

"वाच."

"वाच काय वाच! सांग ना गुमान."

मी सांगितलं नाही. ती दिवसभर माझ्यावर फुगून होती. पण मला थांबायची जागा सापडली होती. परीक्षण मी रिकाम्या वर्गापासून सुरू केलं आणि न तुटलेल्या कुलपापाशी थांबवलं. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' हे शब्द काढून टाकले, कारण ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. मधलं एक प्रकरण रटाळ आहे तेही लिहिलं. सर म्हणाले होते, एखादी उणीव लिहिलीस तर बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो. शेवटी लिहिलं की जाड पुस्तक पाहून ज्यांना झोप येते त्यांनी हे घ्यावं, प्रकरणं लहान आहेत, एक वाचायला डबा खाण्याइतकाच वेळ लागतो. बस. तिथे संपलं.

डबे खाताना ऐकलेल्या त्या अर्ध्या गोष्टीमुळे अंक छापून येण्याआधीच पुस्तकासाठी नंबर लागले. पहिला नंबर बाकावरच्या मैत्रिणीचा. तिनं ते दप्तरात घातलं तेव्हा मला झालेला आनंद पुढे पदवी हातात घेताना झाला तेवढाच होता. पुस्तक तिच्याकडे असताना ती मला रोज विचारायची, "तो कुलूपवाला माणूसच चोर आहे ना वं?" मी चेहरा दगडासारखा ठेवायची.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी अंक वाटले. ताज्या शाईच्या वासात मी माझं पान शोधलं. नाव बरोबर होतं. पहिलं वाक्य बरोबर होतं. मी खाली आले, कुलूप आलं, डबा आला आणि त्याच्याखाली हे होतं :

'शेवटी घंटा शिपाईकाकांच्या घरी सापडते. घंटा त्यांनीच चोरलेली असते. त्यांना नोकरीवरून काढून टाकतात. तात्पर्य : आपण चोरी करू नये.'

मी ते तीनदा वाचलं. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा मजकूर माझ्या पानावर चुकून आला. मग लक्षात आलं की हे मुद्दाम घातलेलं आहे, माझ्या वाक्यांना जोडून, माझ्या नावाखाली.

मंडपात मैत्रिणी भेटल्या, सगळ्या कौतुक करत होत्या. "मस्त लिहिलं वं! वाचाची गरजच नाई आता." "माया प्रकल्प झाला बाप्पा, एकाच पानात." नंबर लावलेल्यांपैकी कुणीही पुस्तकाचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मैत्रिणीनं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. अर्ध्याच्या थोडं पुढे तिनं पान दुमडलं होतं.

"घे. समजलं मले."

"अगं, अर्धंच झालंय."

"त्या म्हाताऱ्यानंच चोरली ना? तूच तं लिहिलं. मी इतके दिवस डोकं खाजवून राहिली होती, अन् तू सगळ्या शाळेले सांगून टाकलं. मले एकटीले सांगितलं असतं तं काय झालं असतं?"

तिचा राग खरा होता. मी लिहिलं नाही म्हणाले तर ती अंक पुढे करत होती. छापलेल्यापुढे माझं कोण ऐकणार?

मी तडक शिक्षकांच्या खोलीत गेले. आमच्याकडे मुलं त्या खोलीच्या दारात उभी राहतात, आत जात नाहीत. मी आत गेले. सर चहा पीत होते, बाजूला विज्ञानाच्या मॅडम होत्या.

"सर, माझ्या परीक्षणात शेवट कुणी घातला?"

मॅडम हसल्या. "घ्या, लेखिका रागावल्या."

सर शांतपणे म्हणाले, "मीच. अगं, अमरावतीला डीटीपीवाल्याकडे पानं लावत होतो. तुझ्या पानाखाली चार बोटं जागा उरली. तो म्हणाला, सर, काहीतरी द्या, मोकळं बरं दिसत नाही. आणि वाचताना मलाही वाटलं, अपुरं वाटतंय. प्रमुख पाहुणे वाचतील, म्हणतील पोरीनं अर्धवटच सोडलं. तुझ्या चांगल्यासाठीच केलं."

माझ्या चांगल्यासाठी! मला शेवट सांगू नको म्हणणारा माणूस हे म्हणत होता. इतर पानांवर अशा उरलेल्या जागेत त्यांनी सुविचार टाकले होते, फुलांची नक्षी टाकली होती. माझ्याच पानाला नक्षी मिळाली नाही. आमच्या शाळांना मोकळी जागा दिसली की तिथे तात्पर्य ठेवावंसं वाटतं. मूल वाचून स्वतः काही ठरवेल, यावर कुणाचाच भरवसा नाही.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं, "तुम्ही ते पुस्तक पूर्ण वाचलंय का?"

मॅडमचं हसू थांबलं. सरांनी कप खाली ठेवला.

"शेवटची पानं पाहिली. घाई होती. तो मशीन थांबवून बसला होता."

"तुम्ही लिहिलंय तसं नाहीच होत त्या पुस्तकात."

"म्हणजे?"

मी सांगितलं नाही. शेवटच्या पानांवर जे दिसतं, त्याचा अर्थ आधीची पानं वाचल्याशिवाय लागत नाही, एवढंच म्हणाले आणि दुमडलेल्या पानासकट पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. एका भाजीवाल्याच्या पोरीनं सरांना गृहपाठ दिला, असं नंतर मॅडम सगळ्यांना सांगत फिरल्या. सांगू देत. बाहेर येऊन मी पाण्याच्या टाकीमागे रडले, पण ते रागानं.

आता दुरुस्ती कशी करायची? इथे खरी पंचाईत होती. खोटं छापलं आहे म्हणून खरं काय ते लिहावं, तर उरलेला शेवटही मीच फोडणार. शिपाईकाकांनी चोरी केली नाही असं लिहिलं, तरी निम्मं पुस्तक उघडं पडतं. चोरी केली असं राहू दिलं, तर त्या पुस्तकातल्या माणसावर अन्याय. शनिवार-रविवार मी झेंडूच्या वाफ्यात निंदत याच वाक्यांची जुळवाजुळव करत होते. आई म्हणाली, "काहून पुटपुटून राहिली? मंत्र म्हणते का?"

सोमवारी प्रार्थनेआधी सरांनी मला बोलावलं. पुस्तक त्यांच्या हातात होतं, दुमडलेलं पान सरळ केलेलं. त्यांचे डोळे जागरणानं लाल होते की नव्हते, मला माहीत नाही, मी बघितलं नाही. ते माफ कर म्हणाले नाहीत. आमच्याकडे शिक्षक मुलांची माफी मागत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काय लिहायचं म्हणतेस?"

मी वाक्य सांगितलं. त्यांनी ते मनात म्हणून पाहिलं. मग पुस्तक मला परत दिलं, खिशातून खडू काढून हातात दिला आणि ऑफिसबाहेरच्या फळ्यावरचा त्या दिवसाचा सुविचार स्वतः पुसला. "माझं नाव घालायचं असेल तर घाल," म्हणाले.

मी नाव घातलं नाही. लिहिलं ते असं : 'वार्षिकांकात घंटेच्या पुस्तकाच्या परीक्षणाखाली शेवटाची तीन वाक्यं छापली आहेत. ती मी लिहिलेली नाहीत. त्या तिन्हींपैकी एकच खरं आहे. कोणतं, ते पुस्तकात आहे.'

प्रार्थना संपल्यावर फळ्यापुढे ही गर्दी! घंटा सापडते हेच खरं, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, नोकरीवरून काढलं हे खरं, बाकी थापा. ज्यांचा प्रकल्प एका पानात झाला होता त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. चुकीचा शेवट उतरवून बसले होते सगळे. बाकावरची मैत्रीण गर्दीतून वाट काढत आली.

"दे इकडे ते पुस्तक. मायाच नंबर आहे."

"परत दिलं होतंस ना?"

"दिलं असन. कोणतं खरं आहे वं?"

"वाच."

"तू मैत्रीण आहे का दुश्मन?"

तिनं ते दोन दिवसांत संपवलं. दुसरा दिवस भूगोलाच्या तासाला, बाकाखाली. वाचून झाल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली. नंतर नंबरातल्या पुढच्या मुलानं तिला शेवट विचारला, तर म्हणाली, "मले माहीत आहे, पण मी काहून सांगू? मी दोन दिवस डोळे फोडले, तू फुकटात घेशील?" त्या आठवड्यात ते एक पुस्तक पाचजणांच्या हातून गेलं. त्यातले दोघं कपाटातलं दुसरं काही आहे का म्हणून सरांच्या मागे लागले.

इथे गोष्ट चांगली संपते असं कुणाला वाटेल. पण शनिवारचा तास गणिताला गेला. नवीन वेळापत्रक ऑफिसात लागलं, तेव्हा खालच्या तारखेवरून कळलं की ते स्नेहसंमेलनाच्या बरंच आधी टाइप करून ठेवलेलं होतं. म्हणजे अंक निघण्याआधी, मी न तुटलेल्या कुलपापाशी थांबायचं की नाही याचा विचार करत होते तेव्हाच, निर्णय झालेला होता. मुलांनी पुस्तक मागितलं तर पाहू, हे नुसतं बोलणं होतं. सर हेडसरांकडे गेले, ओरडल्याचा आवाज बाहेर आला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत सर मधल्या सुट्टीत चहा सोडून पुस्तकं द्यायला कपाटापाशी उभे राहिले. दहावीनंतर माझ्या कॉलेजचा अर्ज भरायला बाबांसोबत अमरावतीला तेच आले. आमच्या घरात पहिली पदवी आली ती त्यांच्यामुळे, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. आणि त्या चार ओळी त्यांनी घालायला नको होत्या, हेही तितक्याच मोठ्यानं सांगेन. उपकार आहेत म्हणून चूक बरोबर होत नाही.

घरी तो अंक अजून आहे. कुणी पाहुणा आला की बाबा तो काढतात आणि माझं पान वाचून दाखवतात. त्यांना सगळ्यात आवडते ती शेवटची ओळ. "आपण चोरी करू नये. कसं नेमकं लिहिलं पोरीनं!" मी दर वेळी सांगते, "बाबा, ते माझं नाही." ते म्हणतात, "तुह्याच नावाखाली आहे ना? मंग तुहंच." फळ्यावरचं माझं वाक्य मात्र त्याच संध्याकाळी पुसलं गेलं होतं, ते दाखवायला काहीच नाही.

यंदा आमच्या अकोल्याच्या शाळेच्या अंकाचं काम माझ्याकडे आहे. आठवीतल्या एका मुलीनं एका शोधकथेचं परीक्षण दिलं. तिनं फार हुशारीनं, एका बंद खिडकीपाशी थांबवलं आहे. परवा डीटीपीवाल्याचा फोन आला.

"मॅडम, त्या पुस्तकाच्या पानाखाली चार बोटं जागा उरून राहिली. काय टाकू?"

"काही नको."

"एखादा सुविचार? नक्षी?"

"काही नको म्हटलं ना भाऊ."

"मोकळं बरं नाई दिसत मॅडम. लोकं म्हणतील, काहीतरी राहून गेलं."

"तसंच वाटू द्या त्यांना," मी म्हणाले, आणि छपाईआधी ते पान पाहायला स्वतः येते आहे, तोवर मशीन लावू नका, असंही सांगितलं.